‘मग कधी येऊ?’ असा रिप्लाय येऊ नये म्हणून

प्रश्न: आमची अंधेरी पूर्वेला, सहार कार्गोजवळ, ४० माणसांची कस्टम्स क्लिअरिंगची कंपनी आहे. एचआरचं सगळं मी एकटीच बघते. सी-इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनच्या एका जागेसाठी पाच जणांना बोलावलं होतं. एकाला ऑफर दिली, त्याने ३ जूनला स्वीकारली, पण त्याचा नोटीस पिरियड दोन महिन्यांचा आहे. दुसऱ्या नंबरवर एक मुलगी आहे. साहेब म्हणतात, तिला इतक्यात नाही म्हणू नकोस, हा आला नाही तर तिला घेऊ. ती दर चार दिवसांनी फोन करते आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. उरलेल्या तिघांपैकी दोघे पहिल्या मुलाखतीतच बाद झाले. तिसऱ्याने चाचणीही दिली, पण त्याचं सगळं काम एअर एक्स्पोर्टचं. मागच्या भरतीत मी हा मेल पाठवला होता: ‘आमच्या संस्थेत रस दाखवल्याबद्दल आभार. तुमची प्रोफाइल अतिशय प्रभावी होती. तूर्तास आम्ही इतर उमेदवारांसोबत पुढे जात आहोत. तुमचा बायोडेटा जपून ठेवला आहे, योग्य संधी येताच कळवू. आपण संपर्कात राहू.’ त्यावर एकाचा रिप्लाय आला, ‘थँक यू मॅडम, मग कधी येऊ?’ मला फार वाईट वाटलं. आता या चौघांना काय लिहू?

उत्तर: त्या उमेदवाराने मेल चुकीचा वाचला नाही. मेलमध्ये जे लिहिलं होतं तेच त्याने वाचलं. पाच वाक्यांत ‘नाही’ हा शब्द एकदाही नाही. पहिल्या वाक्यात आभार, दुसऱ्यात कौतुक, आणि निर्णय ज्या तिसऱ्या वाक्यात असायला हवा तिथे ‘तूर्तास’. तूर्तास म्हणजे आत्तापुरतं, आत्तापुरतं म्हणजे पुढे बदलू शकेल असं. त्याच वाक्यातलं ‘इतर उमेदवारांसोबत पुढे जात आहोत’ हे तर मराठीत सरळ उलटं वाचता येतं: इतरांबरोबर तुम्हालाही पुढे नेत आहोत. इंग्रजी मेलमधला साचा शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला की असं होतं. पुढची दोन वाक्यं वचनं आहेत. महिनाभर नोकरी शोधणारा माणूस असा मेल आशेनेच वाचतो, आणि या मेलने त्याला कुठे थांबवलं नाही.

म्हणून आधी निर्णयाचं वाक्य ठरवू, बाकीचा मेल त्याच्याभोवती आपोआप बसतो. ‘तुमची निवड होऊ शकली नाही’ हे वाक्य बरेच जण सौम्य म्हणून वापरतात. त्यात अडचण अशी की काहीतरी आडवं आलं आणि ते दूर झालं तर निवड होईल, असा त्याचा सूर आहे. ‘तुमची निवड झालेली नाही’ हे जास्त सरळ आहे, पण मराठीत या रूपात ‘अजून’ दडलेला असतो. ‘चहा झालेला नाही’ म्हटल्यावर आपण थांबतो, कारण तो होणार आहे. एकट्या या वाक्यावर मेल सोडला तर चारातल्या एकाचा तरी फोन येतो की निकाल कधी लागणार. दुसऱ्या टोकाला ‘तुमचा अर्ज नाकारण्यात येत आहे’ आणि ‘तुम्ही अपात्र ठरला आहात’ ही सरकारी वाक्यं आहेत. अपात्र म्हणजे अटीत न बसणारा. तुम्ही ज्यांना स्वतः मुलाखतीला बोलावलंत ते अटीत बसत होते, त्यामुळे हा शब्द कडक तर आहेच, शिवाय खोटाही आहे.

आमची पसंती दोन वाक्यांच्या जोडीला आहे: ‘या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. त्यामुळे तुमच्या अर्जाची प्रक्रिया इथे संपली आहे.’ पहिल्या वाक्यात काय झालं आणि ते कोणी केलं हे स्पष्ट आहे. ‘आम्ही’ हा कर्ता ठेवायचाच, कारण निर्णय माणसांनी घेतला, तो आभाळातून पडलेला नाही. दुसरं वाक्य थांबलेल्या माणसाला मोकळं करतं. ‘जागा भरली आहे’ असं मात्र लिहू नका. तुमचा पहिला उमेदवार ऑगस्टमध्ये हजर होईल तेव्हा जागा भरेल. आज निवड झाली आहे, तेवढंच खरं आहे आणि तेवढंच पुरेसं आहे.

‘आपण’ या शब्दाचीही काळजी घ्या. मराठीत आपण म्हणजे आदरार्थी तुम्ही, आणि आपण म्हणजे आपण दोघे मिळूनही. ‘आपण पुन्हा बोलूच’ यात दोघे असतात, आणि ते आश्वासन होतं. नकाराच्या मेलमध्ये सगळीकडे ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ ठेवलं की कोण कुठे उभं आहे हे स्पष्ट राहतं. आदर ‘तुम्ही’तही पूर्ण आहे. नावाआधी कुमारी, श्रीमती लावू नका. लग्नाचा अंदाज बांधायचं हे ठिकाण नाही, आणि किरण किंवा स्नेहल असं नाव असेल तर श्री की श्रीमती इथेच चूक होते. ‘नमस्कार’ आणि पहिलं नाव पुरे. मुलाखत मराठीत झाली असेल तर मेल मराठीत लिहा, इंग्रजीत झाली असेल तर इंग्रजीत, पण रचना हीच ठेवा.

पहिल्या मुलाखतीनंतर थांबलेल्या दोघांचा मेल असा:

> विषय: इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन पदाच्या मुलाखतीचा निर्णय
>
> नमस्कार (पहिलं नाव),
>
> इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह या पदाच्या मुलाखतीसाठी तुम्ही २० मे रोजी आमच्या ऑफिसला आलात, त्याबद्दल आभार.
>
> या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. त्यामुळे तुमच्या अर्जाची प्रक्रिया इथे संपली आहे.
>
> मुलाखतीच्या दिवशी घेतलेल्या आधार आणि पॅनच्या प्रती आम्ही नष्ट केल्या आहेत. काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या, ते थेट माझ्याकडे येतं.
>
> (तुमचं नाव, एचआर, ऑफिसचा नंबर)

विषयाच्या ओळीबद्दल थोडं. ‘तुमच्या अर्जाबद्दल एक अपडेट’ असं लिहिलं तर माणूस धडधडत्या छातीने मेल उघडतो. ‘निवड न झाल्याबाबत’ लिहिलं तर अंधेरीच्या प्लॅटफॉर्मवर गर्दीत उभं असताना फोनच्या बंद पडद्यावर ती ओळ शेजारच्यालाही दिसते. ‘निर्णय’ हा शब्द दोन्ही टाळतो: काय आहे ते कळतं, काय ठरलं ते आत असतं.

प्रती नष्ट केल्याचं वाक्य खरोखर त्या नष्ट केल्यावरच लिहायचं. मुंबईतल्या लहान ऑफिसांत मुलाखतीच्या दिवशीच आधार-पॅनच्या झेरॉक्स घ्यायची सवय आहे आणि त्या फायलीत वर्षानुवर्षं पडून राहतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोख असा आहे की माहिती ज्या कामासाठी घेतली ते काम संपलं, आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याने ती ठेवणं भाग नसेल, तर ती ठेवायची नाही. ‘बायोडेटा जपून ठेवला आहे’ हे तुमचं जुनं वाक्य त्यामुळे दुहेरी अडचणीचं आहे. एक तर ते खोटी आशा देतं, आणि समोरच्याने ठेवायला सांगितलेलंही नसतं. खरंच कोणाचा बायोडेटा हवा असेल तर विचारा: ‘तुमचा बायोडेटा ३१ डिसेंबरपर्यंत आमच्याकडे ठेवला तर चालेल का? चालत असेल तर होय एवढं उत्तर द्या. हे कुठल्याही पदाचं आश्वासन नाही.’ ज्याला तुम्ही पुढच्या जागेसाठी नक्की बोलावणार नाही, त्याला हा प्रश्न विचारू नका.

या दोघांना कारण लिहिलेलं नाही, आणि ते मुद्दाम. एका मुलाखतीवरून जे कारण मिळतं ते बहुतेक वेळा मतासारखं असतं: आत्मविश्वास कमी वाटला, बोलणं तुटक वाटलं. अर्ध्या तासाच्या ओळखीवर लेखी मत दिलं की ते वर्षभर डोक्यात राहतं आणि उपयोग काही होत नाही. कोणी उत्तरात कारण विचारलं तर तेव्हा द्या, एका वाक्यात.

तिसऱ्याचं वेगळं आहे. त्याने चाचणी दिली, म्हणजे तुमच्यासाठी काम करून दाखवलं. त्याला कारण मिळायला हवं, आणि सुदैवाने तुमच्याकडे स्वच्छ कारण आहे. कारण निवडताना तीन गोष्टी पाहा. ते पदाच्या कामातून आलेलं असावं, माणसाच्या स्वभावातून आलेलं नसावं. ते कागदावर दाखवता यावं. आणि ते एकच असावं, कारण तीन कारणं दिली की वाचणारा त्यातलं सगळ्यात कच्चं पकडून वाद घालतो.

‘तुमचा अनुभव कमी पडला’ असं लिहिलंत तर उत्तर येईल, ‘मॅडम, मी महिन्याभरात शिकून घेईन.’ बिचाऱ्याचं चुकत नाही. कमी पडलेली गोष्ट भरून काढता येते, म्हणजे त्याला वाटतं की बोलणं अजून चालू आहे. त्याच्यात काय कमी होतं हे लिहिण्यापेक्षा जागेला काय हवं होतं आणि ते दुसऱ्याकडे होतं, हे लिहा. ते झालेलं आहे, त्यावर बोलणी होत नाहीत:

> नमस्कार (पहिलं नाव),
>
> इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह या पदासाठी तुम्ही दोन मुलाखती आणि लेखी चाचणी दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार.
>
> या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. त्यामुळे तुमच्या अर्जाची प्रक्रिया इथे संपली आहे. तुम्ही दिलेला वेळ पाहता हे वाचून वाईट वाटेल, याची मला जाणीव आहे.
>
> निर्णयाचं कारण असं: या पदावर पहिल्या दिवसापासून न्हावा शेवाच्या सी-इम्पोर्टची बिल ऑफ एंट्री तयार करायची आहेत, आणि निवडलेल्या उमेदवाराने ते काम प्रत्यक्ष केलेलं आहे. तुमचा अनुभव एअर एक्स्पोर्टच्या शिपिंग बिलांचा आहे. चाचणीत इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्टमधली तफावत तुम्ही बरोबर पकडली होती.
>
> तुमच्या चाचणीचा कागद आणि आधार-पॅनच्या प्रती आम्ही नष्ट केल्या आहेत. काही विचारायचं असेल तर या मेलला उत्तर द्या किंवा खालच्या नंबरवर संध्याकाळी ४ ते ६ मध्ये फोन करा.

तफावत पकडल्याचं वाक्य त्याने ती खरंच पकडली असेल तरच ठेवा, नाहीतर काढून टाका. कौतुक करायचंच तर निर्णयानंतर आणि एका नेमक्या गोष्टीचं. निर्णयाआधीचं कौतुक वाचणाऱ्याला चढवतं आणि मग खाली आपटतं. ‘प्रोफाइल प्रभावी’ हे तर कोणालाही लिहिता येतं, त्यामुळे ते कोणालाच लागू पडत नाही. ‘अगदी थोडक्यात हुकलं’ हेही नको, ते खरं असलं तरी. थोडक्यात हुकलेला माणूस पुढच्या वेळी नक्की लागेल असं समजतो.

काही कारणं मेलमध्ये लिहिता येत नाहीत म्हणून लोक गोल गोल वाक्यं शोधतात: ती विरारहून येते, रोज उशीर होईल, लग्न ठरलंय, सोडून जाईल, वय जास्त आहे, ऐकणार नाही. अशा वेळी शब्द शोधू नका, आधी निर्णयाकडे परत जा. जे कारण सहीनिशी लिहिता येत नाही त्या कारणाने नाही म्हणायचं का, हे साहेबांना विचारायची ती वेळ असते. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला तर १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती, आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेतही ती तरतूद आहे.

आता त्या मुलीकडे येऊ. तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे. तिला आज नकाराचा मेल पाठवला तर तो पूर्ण खरा नाही, कारण साहेबांच्या मनात ती अजून आहे. काहीच न सांगितलं तर तेही खरं नाही, कारण तिला वाटतंय की निवड अजून व्हायची आहे, आणि ती तर ३ जूनला झाली. दर चार दिवसांनी येणारा तिचा फोन तुम्ही न सांगितलेल्या गोष्टीबद्दल आहे. कदाचित या दोन महिन्यांत ती दुसरीकडची ऑफर नाकारेल, आणि तो तोटा तिचा असेल, तुमच्या कंपनीचा नाही.

साहेबांची भीती खोटी नाही. ऑफर घेऊन न येणारे उमेदवार असतात. नोटीस पिरियडमध्ये जुनी कंपनी पगार वाढवून थांबवते. पण या भीतीचा मोठा भाग दोन महिने टिकत नाही. ऑफर स्वीकारल्यावर माणूस राजीनामा देतो आणि जुन्या कंपनीकडून तो स्वीकारल्याचा मेल येतो, त्यात सुटण्याची तारीख असते. बहुतेक ठिकाणी हे आठवडा-दहा दिवसांत होतं. पहिल्या उमेदवाराकडे तो मेल आजच मागा. हे मागणं रीतीला धरूनच आहे. तो आला म्हणजे धोका शून्य झाला असं नाही, पण तिला थांबवून ठेवण्याचं कारण तिथे संपलं.

साहेबांना एक गोष्ट समजावून सांगा, कारण सगळं याच गोष्टीवर अडलंय. मुलीला स्पष्ट नकार दिल्याने कंपनीचं दार बंद होत नाही. पहिला उमेदवार ऑगस्टमध्ये आलाच नाही, तर तुम्ही त्या दिवशी तिला नव्याने फोन करून नवी ऑफर देऊ शकता. तेव्हा ती मोकळी असली तर विचार करेल, दुसरीकडे लागली असली तर नाही म्हणेल. नाही म्हणाली तर पुन्हा भरती करावी लागेल. हा खर्च कंपनीने उचलायचा, कारण दोन महिने एकाच माणसावर भिस्त ठेवण्याचा निर्णय कंपनीचा आहे. साहेबांना जे हवंय त्यातलं फक्त तिचं वाट पाहत बसणं आपल्याला काढायचंय, बाकी काही त्यांच्या हातून जात नाही.

तेव्हा दोन टप्पे करा. आजचा टप्पा: खरी स्थिती, एक तारीख, आणि मोकळीक. तिने तीन फेऱ्या दिल्या आहेत, म्हणून आधी फोन करा आणि लगेच मेल. फोन तीन मिनिटांच्या वर नको. ‘कशा आहात, पाऊस काय म्हणतोय’ असं सुरू केलं तर तिला आनंदाची बातमी वाटेल. पहिल्या वाक्यात कोण बोलतंय आणि कशासाठी, दुसऱ्यात निर्णय: ‘मी इम्पोर्ट डॉक्युमेंटेशनच्या जागेबद्दल फोन केलाय. निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली आहे.’ मग गप्प बसा. ती बोलेपर्यंत चार-पाच सेकंद जातील. ते भरून काढायला जे बोललं जातं त्यातूनच खोटी आशा निघते: ‘पण काळजी करू नका’, ‘बघू आपण काहीतरी’. मेल असा:

> नमस्कार (पहिलं नाव),
>
> आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे, इम्पोर्ट डॉक्युमेंटेशन एक्झिक्युटिव्ह या पदासाठी आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे आणि त्यांनी ऑफर स्वीकारली आहे.
>
> त्यांच्या राजीनाम्याची प्रक्रिया अजून पूर्ण व्हायची आहे. ती झाली नाही तर याच पदासाठी आम्ही तुमचा विचार करू. हे घडेल असं धरून चालू नका. ते बहुधा घडणार नाही. १८ जूनला मी तुम्हाला मेल करून शेवटचं उत्तर कळवेन, उत्तर काहीही असलं तरी.
>
> तोपर्यंत दुसरी कुठली ऑफर आली तर आमच्यासाठी थांबू नका. मध्ये फोन करण्याची गरज नाही. १८ तारखेआधी सांगण्यासारखं काही झालं तर मीच कळवेन.
>
> हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. उशीर झाला, त्याबद्दल माफ करा.

‘ते बहुधा घडणार नाही’ हे वाक्य लिहिताना हात थांबेल. ते काढू नका, सगळ्या मेलमध्ये तेच तिच्या सर्वात कामाचं आहे. ते काढलं तर ‘विचार करू’ एवढंच तिच्या लक्षात राहील. माफीचं वाक्यही ठेवा. जेवढे दिवस तुम्ही वेळ मारून नेलीत तेवढ्यांचंच ते आहे, त्याहून मोठं करू नका.

दुसरा टप्पा १८ जूनला. राजीनामा स्वीकारल्याचा मेल आला असेल तर तिला तिसऱ्या उमेदवारासारखाच पूर्ण नकार पाठवा, निर्णयाच्या त्याच दोन वाक्यांसह, आणि पहिल्या मेलमधली शक्यता आता उरलेली नाही असं लिहून. तो मेल आला नसेल तरी १८ तारखेला लिहायचंच: काय अडलंय आणि नवी तारीख कोणती. अशी मुदत एकदाच वाढवता येते. दुसऱ्यांदा वाढवायची वेळ आली तर तिला मोकळं करा किंवा पहिल्याची ऑफर मागे घ्यायची का हे साहेबांबरोबर ठरवा. आणि तारीख पाळणं जमणार नसेल तर ती देऊच नका. दिलेल्या तारखेला शांतता राहिली तर उमेदवार तिचा अर्थ ‘अजून चाललंय’ असाच लावतो, आणि तुम्ही पुन्हा चार दिवसांच्या फोनवर येता.

पाठवतानाच्या चुका थोड्याच, पण जिव्हारी लागणाऱ्या. तिघांना एकच मेल पाठवून सगळ्यांचे पत्ते ‘टू’मध्ये ठेवले की प्रत्येकाला कळतं आणखी कोणाला नाकारलंय. ‘बीसीसी’ने पत्ते लपतात, पण नाव घालता येत नाही. चारच मेल आहेत, एकेक हाताने पाठवा. कॉपी-पेस्ट करताना आधीच्याचं नाव राहून जातं, म्हणून पत्ता शेवटी टाका: आधी मजकूर, मग नाव आणि तारीख मोठ्याने वाचून तपासणं, मग पत्ता. कामाच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास पाठवा, म्हणजे उत्तर आलं तर तुम्ही जागेवर असाल. शनिवारी ऑफिस सुटताना पाठवून फोन बंद करणं हे दार लोटून पळण्यासारखं आहे. आणि नो-रिप्लाय पत्त्यावरून तर नकोच.

उत्तरं आली तर प्रत्येकाला एकदा उत्तर द्या. कारण विचारणाऱ्याला वरच्या पद्धतीने एक वाक्य. निर्णय चुकला म्हणून वाद घालणाऱ्याला: ‘तुमचं म्हणणं वाचलं. निर्णय बदलणार नाही.’ तिथे नवं कारण जोडलंत तर वाद पुन्हा सुरू होईल. नुसते आभार मानणाऱ्याला उत्तर न दिलं तरी चालतं. ‘ऑल द बेस्ट, भेटू’ असं काही लिहायचा मोह टाळा.

१८ तारखेच्या नकारानंतर ती मुलगी बहुतेक एकच प्रश्न विचारेल: ‘जागा पुन्हा रिकामी झाली तर कळवाल ना?’ त्याला एवढं लिहा:

> या जागेसाठी वाट पाहू नका. पुढे कधी ती रिकामी झाली तर आम्ही नव्याने भरती करू. तेव्हा तुम्हाला फोन केला, तर तो नवा प्रस्ताव असेल, आणि त्याला होय किंवा नाही म्हणायला तुम्ही पूर्ण मोकळ्या असाल. आज मी त्याबद्दल कोणतंही वचन देऊ शकत नाही.